ठाम बोलण्याचा मसुदा

पाठपरिचय

सभेत बोलण्यापूर्वी अनेक जण आपले म्हणणे कागदावर लिहून काढतात. या पहिल्या लेखनाला 'कच्चा मसुदा' म्हणतात. कच्च्या मसुद्यात मुद्दे असतात. पण त्यांच्याभोवती 'म्हणजे', 'तसे पाहिले तर', 'असे मला वाटते', 'असे म्हणायला हरकत नाही' अशा शब्दांची दाटी झालेली असते. त्यामुळे बोलणाऱ्याला जे पक्के ठाऊक आहे, तेही ऐकणाऱ्याला डळमळीत वाटू लागते. असे शब्द कसे ओळखावेत, कोणते काढावेत आणि कोणते मुद्दाम ठेवावेत, हे या पाठात एका भाषणाच्या आधारे पाहावयाचे आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला
- मसुद्यातील भरतीचे शब्द आणि संकोचाचे शब्द यांतील फरक सांगता येईल;
- क्रियापदाच्या रूपातून व्यक्त होणारा संकोच ओळखता येईल;
- माहितीच्या आधारानुसार विधान ठाम करावे की सावध ठेवावे, हे ठरवता येईल;
- आपल्या भाषणाचा मसुदा स्वतः तपासता येईल.

१. कच्चा मसुदा

एका गावाच्या पूर्वेकडील वस्तीत नळाचे पाणी नियमित येत नाही, अशी कल्पना करा. वस्तीतील महिला बचत गटाच्या एका सदस्येला २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा प्रश्न मांडावयाचा आहे. ती यापूर्वी कधीही सभेत बोललेली नाही. तिने पुढील मसुदा लिहिला.

> नमस्कार. मला तसे फारसे बोलता येत नाही, काही चुकले तर माफ करा. मला असे वाटते, की आमच्या वस्तीत पाण्याची थोडीफार अडचण आहे असे म्हणायला हरकत नाही. म्हणजे पाणी येते, येत नाही असे नाही. पण साधारणपणे दोन-तीन दिवसांनी वगैरे येते आणि तसे पाहिले तर फार वेळ नसते. बऱ्याच बायकांना लांबून पाणी आणावे लागते, असे सांगितले जाते. खरे तर चौकातली जलवाहिनी नक्कीच फुटलेली आहे. शक्य झाले तर पंचायतीने याकडे थोडेसे लक्ष दिले तर बरे होईल असे वाटते. बाकी आपण सर्व जाणतेच आहात.

हा मसुदा वाचल्यावर एक विसंगती ध्यानात येते. पाणी कमी येते, हा या सदस्येचा रोजचा अनुभव आहे. तरी ते सांगताना ती 'असे वाटते', 'थोडीफार', 'म्हणायला हरकत नाही' असे तीन आडपडदे उभे करते. विहिरीवरून पाणी आणणाऱ्या बायकांत ती स्वतःही आहे. पण तेथे 'असे सांगितले जाते' म्हणते. उलट, जमिनीखालची जलवाहिनी तिने पाहिलेली नाही. तिच्याविषयी मात्र 'नक्कीच' हा शब्द वापरते. जेथे खात्री आहे तेथे संकोच आणि जेथे अंदाज आहे तेथे खात्री, अशी ही उलटापालट आहे. मसुदा तपासताना शब्द कमी करणे हे अर्धेच काम होय. खात्री आणि शंका आपापल्या जागी नेऊन ठेवणे, हे उरलेले अर्धे काम.

२. भरतीचे शब्द

बोलताना पुढचे वाक्य सुचेपर्यंत मधली जागा भरून काढण्यासाठी जे शब्द येतात, त्यांना भरतीचे शब्द म्हणता येईल. 'म्हणजे', 'तसे पाहिले तर', 'खरे तर', 'वगैरे', 'बरं का', 'एक प्रकारे', 'काय आहे की' ही त्यांची नेहमीची उदाहरणे. समोरासमोरच्या गप्पांत ते खटकत नाहीत. लिहून तयार केलेल्या भाषणात मात्र त्यांची गरज उरत नाही, कारण पुढचे वाक्य कागदावर अगोदरच तयार असते.

हे शब्द ओळखण्याची कसोटी सोपी आहे. शब्द झाकून वाक्य मोठ्याने वाचावे. अर्थ तसाच राहिला, तर तो शब्द भरतीचा. 'म्हणजे पाणी येते' यातील 'म्हणजे' झाकले, तर अर्थात काहीही उणे होत नाही. परंतु 'एक हंडा म्हणजे साधारण पंधरा लिटर पाणी' या वाक्यातील 'म्हणजे' काढले, तर वाक्य मोडते. तेथे तो शब्द खुलासा करण्याचे काम करतो. 'तर' या शब्दाचेही तसेच. 'मी तर म्हणते' यातील 'तर' केवळ भर देतो. 'पाऊस आला तर सभा मंदिरात भरेल' यातील 'तर' अट सांगतो. म्हणून एखादा शब्द सरसकट खोडू नये. प्रत्येक ठिकाणी झाकून पाहावा.

'नक्कीच', 'अगदी', 'खरोखरच' हे भर देणारे शब्दही बहुधा भरतीचेच असतात. 'खरे तर' म्हटल्यामुळे विधान अधिक खरे होत नाही; उलट, एवढ्या वेळचे बोलणे खरे नव्हते की काय, अशी शंका ऐकणाऱ्याला येऊ शकते. 'च' या अव्ययाबाबतही जपून असावे. एका परिच्छेदात तो एकदा आला, तर नेमक्या शब्दावर बोट ठेवतो. प्रत्येक वाक्यात आला, तर कोठेच जोर उरत नाही.

माफी मागून केलेल्या सुरुवातीचा विचारही येथेच करावा. 'काही चुकले तर माफ करा' हे वाक्य नम्रपणाने येते. पण ऐकणाऱ्याला ते चुका शोधावयास लावते. त्याऐवजी सभेला उद्देशून केलेले आदरार्थी संबोधन पुरेसे नम्र असते.

३. क्रियापदात दडलेला संकोच

संकोच नेहमी सुट्या शब्दांतून येतो, असे नाही. मराठीत तो क्रियापदाच्या रूपातही दडलेला असतो आणि तेथे तो चटकन दिसत नाही. क्रियापदाच्या रूपावरून होणारे 'अर्थ' तुम्ही व्याकरणात अभ्यासले असतील. त्यांचा येथे उपयोग होतो.

'पंप बंद आहे' हे स्वार्थी क्रियापद. ते घडणारी गोष्ट सरळ सांगते. 'पंप बंद असावा' हे विध्यर्थी रूप येथे शक्यता दाखवते. 'पंप बंद असेल' यात रूप भविष्यकाळाचे आहे. परंतु बोलणारा भविष्याविषयी बोलत नसून आताच्या स्थितीचा तर्क करत आहे. 'पंप बंद असू शकेल' यात तर्काची खात्री आणखी कमी होते. ही चारही वाक्ये शुद्ध आहेत. बोलणाऱ्याने पंप डोळ्यांनी पाहिला आहे की नाही, यावर योग्य रूप कोणते ते ठरते.

पुष्कळदा एकाच वाक्यात दोन-तीन तर्कदर्शक गोष्टी एकत्र येतात. 'कदाचित पंप बंद असण्याची शक्यता असू शकेल' या वाक्यात 'कदाचित', 'शक्यता' आणि 'असू शकेल' अशी तीनदा शंका आहे. शंका खरी असली, तरी ती एकदा व्यक्त करणे पुरे: 'पंप बंद असावा.'

'सांगितले जाते', 'समजते', 'म्हटले जाते' या रचनांत बोलणारा माणूस नाहीसा होतो. कोण सांगतो, ते कळत नाही आणि म्हणून त्या सांगण्याला वजन राहत नाही. सांगणारा ठाऊक असेल, तर त्याचा उल्लेख करावा. आपण स्वतःच पाहिले असेल, तर तसे म्हणावे.

विध्यर्थाचे दुसरे कामही लक्षात घ्यावे. 'पंप बंद असावा' यात 'असावा' हे रूप अंदाज दाखवते. पण 'पंचायतीने पंप दुरुस्त करावा' यात 'करावा' हे रूप मागणी करते. ही मागणी आज्ञार्थासारखी कठोर नसते आणि संकेतार्थी 'केला तर बरे होईल' यासारखी अधांतरीही नसते. आदर राखून ठामपणे मागणी करण्यासाठी मराठीत हे रूप तयारच आहे. मसुद्यातील मागणीवरचे थर एकेक करून उतरवले, तर ती पुढीलप्रमाणे बदलत जाते.

- शक्य झाले तर पंचायतीने लक्ष दिले तर बरे होईल असे वाटते.
- पंचायतीने लक्ष दिले तर बरे होईल.
- पंचायतीने लक्ष द्यावे.
- पंचायतीने १५ फेब्रुवारीपूर्वी जलवाहिनी तपासावी.

तिसऱ्या वाक्यात संकोच संपला. पण काम अजून धूसर आहे. 'लक्ष दिले' असे कोणीही म्हणू शकेल. चौथ्या वाक्यात कोणी, काय आणि केव्हापर्यंत करावयाचे, हे ठरले. ते झाले की नाही, हे १५ फेब्रुवारीनंतर कोणालाही पाहता येईल.

पाठगत प्रश्न

पुढील वाक्ये आवश्यक तेवढाच संकोच ठेवून पुन्हा लिहा.
१. उद्या कदाचित पाऊस पडण्याची शक्यता असू शकेल.
२. वाचनालय, तसे पाहिले तर, सोमवारी बंदच असते असे म्हणायला हरकत नाही. (दारावरील पाटीवर तसे लिहिलेले आहे.)
३. सभेची वेळ थोडीशी बदलता आली तर बरे होईल असे वाटते. (सभा सायंकाळी सहाला ठेवावयाची आहे.)

४. 'हे कशावरून?'

भरतीचे शब्द काढल्यानंतर उरलेल्या प्रत्येक विधानाला एकच प्रश्न विचारावा: 'हे कशावरून?' या प्रश्नाची उत्तरे बहुधा तीन प्रकारची असतात आणि प्रत्येक उत्तरानुसार पुढचे काम ठरते.

पहिले उत्तर, 'मी पाहिले आहे किंवा मोजले आहे.' अशा वेळी संकोच पूर्णपणे काढावा आणि त्या जागी पाहिलेली गोष्ट लिहावी. या सदस्येने 'दोन-तीन दिवसांनी वगैरे' असे लिहिले, कारण तिच्याकडे नोंद नव्हती. मग गटातील बायकांनी १ ते १५ जानेवारी या काळात पाणी आल्याची व गेल्याची वेळ वहीत लिहिली. पंधरा दिवसांत पाणी पाच वेळा आले. २०, २५, २०, २० आणि २५ मिनिटे, म्हणजे एकूण १ तास ५० मिनिटे. ही नोंद हाती आल्यावर 'साधारणपणे', 'वगैरे' आणि 'फार वेळ नसते' हे शब्द आपोआप गळून पडले. 'बऱ्याच', 'लांबून', 'थोडीफार' असे मोघम शब्द मसुद्यात दिसले, की तेथे काहीतरी मोजायचे राहिले आहे, असे समजावे.

दुसरे उत्तर, 'मला कोणी तरी सांगितले आहे.' येथे सांगणाऱ्याचा निर्देश करावा. वस्तीतील किती घरे विहिरीवरून पाणी आणतात, हे तिने गटाच्या बैठकीत विचारले. ४२ पैकी ३१ घरांनी तसे सांगितले. त्यामुळे 'असे सांगितले जाते' या रचनेची जागा '३१ घरांनी सांगितले आहे' या विधानाने घेतली.

तिसरे उत्तर, 'हा माझा अंदाज आहे.' या वेळी संकोच काढू नये. जलवाहिनी फुटली आहे, हा तर्क आहे. चौकाजवळची जमीन पावसाळा संपल्यापासून ओली आहे, ही मात्र पाहिलेली गोष्ट आहे. म्हणून 'नक्कीच फुटलेली आहे' याऐवजी 'गळत असावी' असे म्हणावे आणि लगेच तर्काचा आधार सांगावा.

हे शेवटचे पथ्य केवळ प्रामाणिकपणासाठी नाही. त्याचा व्यवहारातही उपयोग आहे. सभेत पाणी सोडणारा कर्मचारी उठून म्हणाला, 'जलवाहिनी फुटलेली नाही, ती ओल शेजारच्या सांडपाण्याची आहे', तर काय होईल? 'नक्कीच फुटलेली आहे' असे म्हटले असल्यास हे एक विधान खोटे ठरेल आणि त्याबरोबर पाण्याच्या नोंदीवरचाही विश्वास उडेल. 'गळत असावी' असे म्हटले असल्यास ती शांतपणे सांगू शकेल, 'म्हणूनच ती तपासावी.' खऱ्या शंकेच्या जागी ठेवलेला एक सावध शब्द बाकीच्या ठाम विधानांचे रक्षण करतो.

५. सुधारलेला मसुदा

> मा. सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि ग्रामस्थहो, नमस्कार. गावाच्या पूर्वेकडील वस्तीत ४२ घरे आहेत. या वस्तीला नळाचे पाणी पुरत नाही. १ ते १५ जानेवारी या पंधरा दिवसांत पाणी पाच वेळा आले. पाचही वेळचे मिळून ते १ तास ५० मिनिटे चालले. आम्ही रोज वहीत तशी नोंद केली आहे. ती वही मी सोबत आणली आहे. ४२ पैकी ३१ घरांनी गटाच्या बैठकीत सांगितले, की त्यांच्या घरातील बायका अर्ध्या किलोमीटरवरच्या विहिरीवरून पाणी आणतात. त्यांत मीही आहे. चौकाजवळ जलवाहिनी गळत असावी. तेथील जमीन पावसाळा संपल्यापासून ओली आहे. खोदून पाहिल्याशिवाय खरे कारण कळणार नाही. म्हणून ग्रामसभेने दोन गोष्टी ठरवाव्यात, ही विनंती. चौकाजवळची जलवाहिनी १५ फेब्रुवारीपूर्वी तपासावी. वस्तीला पाणी सोडण्याचे वार आणि वेळ निश्चित करून ते पंचायतीच्या फलकावर लिहावेत. धन्यवाद.

नवा मसुदा मूळ मसुद्यापेक्षा लहान झालेला नाही. अनावश्यक शब्दांनी अडवलेली जागा नोंदींनी घेतली आहे. वाक्ये मात्र आखूड झाली आहेत. बहुतेक वाक्यांत एकच गोष्ट आहे आणि वाक्याच्या शेवटी थांबता येते. जेथे पूर्वी 'म्हणजे' किंवा 'तसे पाहिले तर' येत असे, तेथे आता क्षणभर थांबावे. कागदाच्या समासात अशा थांबण्याच्या जागी एक उभी रेघ काढून ठेवली, तर ऐन वेळी जुने शब्द तोंडी येत नाहीत.

'मा. सरपंच', 'ही विनंती' आणि 'धन्यवाद' हे शब्द तसेच ठेवले आहेत. ते नात्याचे आणि आदराचे शब्द आहेत. माहितीविषयी शंका दाखवणारे नाहीत. हा फरक न ओळखता सर्वच मऊ शब्द खोडले, तर भाषण उद्धट वाटते. मसुदा मोठ्याने वाचून दाखवताना ऐकणाऱ्याला भांडणाचा सूर जाणवला, तर बहुधा आदराचे शब्दही खोडले गेले आहेत, असे समजावे. 'मला वाटते' हा शब्दप्रयोगही नेहमीच टाळावा, असे नाही. 'सभा रविवारी घ्यावी, असे मला वाटते' यात बोलणारी आपले मत सांगते आणि इतरांच्या मताला जागा ठेवते. 'पाणी पाच वेळा आले, असे मला वाटते' यात मात्र ती आपल्याच नोंदीवर संशय घेते.

६. ऐकणाऱ्याच्या मनात काय घडते

या शब्दांचा ऐकणाऱ्यावर होणारा परिणाम अभ्यासकांनी तपासून पाहिला आहे. विल्यम ओबार आणि त्यांचे सहकारी यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यातील न्यायालयांत साक्षीदारांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. त्यातील एका साक्षीचे त्यांनी दोन पाठ तयार केले. दोहोंतील माहिती तीच होती. एका पाठात संकोचाचे शब्द, अडखळणे आणि 'खरोखर', 'अगदी' यांसारखे भर देणारे शब्द होते. दुसऱ्यात ते काढले होते. ऐकणाऱ्यांना दुसऱ्या पाठातील साक्षीदार अधिक विश्वासार्ह वाटला. हा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला.

संकोचाने बोलणे हा स्त्रियांच्या भाषेचा विशेष आहे, असे मत रॉबिन लेकॉफ या भाषाभ्यासक विदुषीने १९७५ मध्ये मांडले होते. ओबार यांनी न्यायालयातील बोलणे तपासल्यावर वेगळे चित्र दिसले. असे शब्द पुरुषांच्या बोलण्यातही आढळले आणि काही स्त्रियांच्या बोलण्यात फारच थोडे आढळले. ज्यांचे सामाजिक स्थान दुय्यम होते किंवा ज्यांना न्यायालयात बोलण्याची सवय नव्हती, त्यांच्या तोंडी ते अधिक होते. बचत गटाच्या त्या सदस्येच्या मसुद्यातील संकोचाचा उलगडाही यातून होतो. तिला पाण्याविषयी शंका नव्हती. आपल्याला सभेत बोलण्याचा अधिकार आहे का, याविषयी शंका होती. आणि ती पाण्याविषयीच्या वाक्यांत उतरली. ग्रामसभेत बोलण्याचा अधिकार गावातील प्रत्येक मतदाराला आहे. त्यासाठी माफी मागण्याचे कारण नाही.

या अभ्यासातून एक सावधगिरीही शिकावी. ठाम शब्दांनी ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो. पण त्याने माहिती खरी होत नाही. चुकीची माहितीही ठामपणे सांगता येते. म्हणून ऐकणाऱ्यानेही 'हे कशावरून?' हा प्रश्न मनात ठेवावा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. उद्या पाऊस पडेलसे दिसते. (पाऊस पडणार की नाही, हे निश्चित नाही, म्हणून एक तर्कदर्शक रचना ठेवली.)
२. वाचनालय सोमवारी बंद असते. (लेखी आधार आहे, संकोचाची गरज नाही.)
३. सभा सायंकाळी सहा वाजता घ्यावी, ही विनंती. (मागणी विध्यर्थाने नेमकी केली, 'ही विनंती' हे आदराचे शब्द ठेवले.)

स्वाध्याय

१. तुमच्या परिसरातील एका अडचणीविषयी दहा वाक्यांचा मसुदा लिहा. भरतीच्या शब्दांखाली एक रेघ आणि संकोचाच्या शब्दांखाली दोन रेघा मारा.
२. त्यातील प्रत्येक विधानासमोर 'पाहिले', 'ऐकले' किंवा 'अंदाज' यांपैकी एक शब्द लिहा. त्यानुसार मसुदा पुन्हा लिहा.
३. 'असावा' हे रूप अंदाजासाठी आणि 'करावा' हे रूप मागणीसाठी वापरून प्रत्येकी दोन वाक्ये तयार करा.
४. 'खऱ्या शंकेच्या जागी ठेवलेला एक सावध शब्द बाकीच्या ठाम विधानांचे रक्षण करतो.' हे विधान पाठातील जलवाहिनीच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

शब्दार्थ

मसुदा – लेखनाचा कच्चा आराखडा. आडपडदा – स्पष्ट न बोलता राखलेले अंतर. मोघम – नेमके नसलेले. अधांतरी – आधार नसलेले. पथ्य – पाळावयाचा नियम. जलवाहिनी – पाणी वाहून नेणारा मोठा नळ.